गुलाबी रंग विहिरीतला की बाटलीतला?

पाण्याची अल्कता काढणं हे एम.एस्सी.च्या पहिल्याच प्रॅक्टिकलांतलं. त्यामुळे त्यात चूक होईल असं कुणाला वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं.

एका विहिरीचं १०० मिली पाणी घेऊन मी विहिरीच्या काठावरच टायट्रेशन केलं होतं. फिनॉल्फ्थेलीन टाकलं, रंग आलाच नाही. म्हणजे पहिलं रीडिंग, P, शून्य. मग मिथिल ऑरेंज टाकलं आणि ०.०२ N सल्फ्युरिक आम्ल २४.० मिली लागलं. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये त्याच पाण्याच्या अर्धवट भरलेल्या बाटलीतून पुन्हा १०० मिली घेतलं, तर चक्क गुलाबी! तो रंग जायला ०.६ मिली आम्ल लागलं. एकूण आम्ल, T, मात्र तेच, २४.० मिली.

आता हिशोब. कार्बोनेट आम्लाचा एक प्रोटॉन घेऊन बायकार्बोनेट होतं, तेव्हा पीएच साधारण ८.३ असतो आणि गुलाबी रंग जातो. म्हणजे P मध्ये कार्बोनेटचं निम्मंच काम झालेलं असतं. उरलेलं निम्मं ४.५ च्या आसपास, मूळच्या बायकार्बोनेटसोबत होतं. म्हणून P हा T च्या निम्म्याहून कमी असेल तर कार्बोनेटचा वाटा 2P आणि बायकार्बोनेटचा T − 2P. या मापात १ मिली आम्ल म्हणजे CaCO₃ च्या रूपात लिटरला १० मिग्रॅ. विहिरीवर सगळे २४० मिग्रॅ बायकार्बोनेटचे होते. लॅबमध्ये कार्बोनेट १२, बायकार्बोनेट २२८. (प्रत्यक्ष आयनांचं वजन हवं असेल तर कार्बोनेटला ०.६ नं आणि बायकार्बोनेटला १.२२ नं गुणा. रिपोर्टमध्ये कुठलं एकक ते लिहाच, इथे फार गोंधळ होतो.)

मग रात्रीतून कार्बोनेट आलं कुठून? भूजलात हवेच्या मानानं कितीतरी जास्त कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. बाटलीतल्या रिकाम्या जागेत तो निघून जातो, पीएच चढतो आणि थोडं बायकार्बोनेट कार्बोनेटमध्ये बदलतं. पण वायू जाताना आम्ल पचवण्याची एकूण क्षमता बदलत नाही, म्हणून T जागचा हलत नाही. थोडक्यात, शिळ्या नमुन्यातला T वापरता येतो, वाटणी नाही.

T सुद्धा कमी भरला, तर बाटलीच्या आतल्या बाजूला पांढरा थर दिसतो का बघा. कॅल्शियम कार्बोनेट खाली बसलं असेल तर तो नमुना गेलाच. गाळून घेऊन उपयोग नाही, कारण गाळलेलं परत पाण्यात येत नाही.

आता मी बाटली काठोकाठ भरते, बुडबुडा राहू देत नाही, आणि P विहिरीवरच काढते. पहिल्या टप्प्यात शंकूपात्र जोरात हलवत नाही. तिथेही कार्बन डायऑक्साइड निसटतो आणि गेलेला गुलाबी रंग पुन्हा डोकावतो.