दोन अक्षरांचा व्हॉल्व्ह

उद्यापासून तू प्लांटवर येशील, म्हणून नकाशातली एकच जागा आज नीट दाखवतो. रिअ‍ॅक्टरच्या बाजूला गोल आहे, त्यात TIC-204 लिहिलंय. T म्हणजे तापमान, I म्हणजे ते दाखवणं, C म्हणजे नियंत्रण. 204 हा त्या लूपचा नंबर. गोलाच्या मधून सरळ आडवी रेघ गेली आहे, म्हणजे हा कंट्रोलर ऑपरेटरला कंट्रोल रूममध्ये दिसतो. रेघ नसती, तर उपकरण प्लांटवर पाइपजवळच शोधावं लागलं असतं.

गोलापासून निघालेली तुटक रेघ विजेच्या सिग्नलची. ती थंड पाण्याच्या व्हॉल्व्हकडे जाते. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण म्हणजे व्हॉल्व्ह, वरची अर्धगोल टोपी म्हणजे हवेवर चालणारा डायफ्राम. आता खालची बारीक अक्षरं वाच: FO. हवा गेली की स्प्रिंग हा व्हॉल्व्ह उघडते. रिअ‍ॅक्शन उष्णता सोडणारी आहे. हवा गेली तरी पाणी वाहत राहायलाच हवं. शेजारच्या वाफेच्या व्हॉल्व्हवर मात्र FC आहे, तो बंद होतो.

एकदा दुरुस्तीनंतर आमच्याकडे पाण्याच्या व्हॉल्व्हला उलट्या क्रियेचा अ‍ॅक्च्युएटर बसला. नकाशावर FO तसंच होतं. सुरू करण्यापूर्वी, रिअ‍ॅक्टर रिकामा असताना, आम्ही हवा तोडली आणि स्टेमकडे पाहत उभे राहिलो. दांडा बंदच्या खुणेवर जाऊन थांबला.