ताबा म्हणजे नक्की कधी?

"डिसेंबर 2027 मध्ये ताबा." पुण्याजवळच्या एका नव्या गृहप्रकल्पाच्या माहितीपत्रकासाठी ही चार शब्दांची ओळ मला लिहायची होती. साइट इंजिनिअरना सहज विचारलं, "ताबा म्हणजे नक्की काय झालेलं असेल?" त्यावर त्यांनी एकाच्या जागी तीन तारखा सांगितल्या. पहिल्या दोन इमारतींचं काम संपेल ऑगस्टमध्ये. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे आपली ओसी, मिळून किल्ल्या हातात येतील डिसेंबरमध्ये. आणि पोहण्याचा तलाव? तो तिसऱ्या इमारतीच्या पोडियमवर, म्हणजे दुसऱ्या टप्प्यात. 2029 चा मध्य.

गंमत अशी की रेरात प्रत्येक टप्प्याची नोंदणी वेगळी होऊ शकते आणि प्रत्येकाची पूर्णत्वाची तारीखही वेगळी असते. पत्रकात मात्र तलाव मुखपृष्ठावर आणि डिसेंबर 2027 त्याच्या खाली. एकही शब्द खोटा नाही, तरी वाचणारा दोन्ही एकत्र धरणारच.

पूर्वी असं खपून जायचं. आता रेरा कायद्याचं कलम 12 आहे. पत्रकातल्या चुकीच्या मजकुरावर विसंबून कुणी पैसे भरले आणि त्याचं नुकसान झालं, तर बिल्डरला भरपाई द्यावी लागते. ग्राहकाला बाहेरच पडायचं असेल, तर व्याजासह सगळी रक्कम परत. शिवाय करारातली ताब्याची तारीख चुकली आणि ग्राहक थांबून राहिला, तर कलम 18 प्रमाणे दरमहा व्याज. महाराष्ट्रात ते स्टेट बँकेच्या सर्वाधिक एमसीएलआरच्या वर 2 टक्के. समजा ते 11 टक्के झालं आणि ग्राहकाने 60 लाख भरलेत: एका महिन्याचे 55,000 रुपये. एका फ्लॅटचे! त्यामुळे पत्रकात करारापेक्षा गोड तारीख छापणं म्हणजे आपणच तक्रारीचा पुरावा छापून वाटणं. त्यातून ऑगस्ट 2023 पासून महारेराचा क्यूआर कोड जाहिरातीत बंधनकारक आहे. पत्रक हातात असतानाच मोबाइलवर खरी तारीख दिसते.

मग ओळ अशी झाली: "ए आणि बी इमारतींचा ताबा ओसीसह डिसेंबर 2027. तलाव आणि क्लबहाउस दुसऱ्या टप्प्यात, जून 2029."

तपशिलाच्या पानावर एकच भांडण झालं. "नामांकित कंपनीच्या टाइल्स किंवा तत्सम" यातलं "तत्सम" मला सलत होतं. त्या एका शब्दात काहीही बसतं. शेवटी "600 बाय 600 मिलिमीटर व्हिट्रिफाइड" असं लिहिलं, पट्टी लावून मोजता येईल असं. कार्पेट आणि बाल्कनीचे आकडेही वेगळे दिले, कारण कायद्याच्या व्याख्येत बाल्कनी कार्पेटमध्ये धरत नाहीत.

तलावाचं चित्र मुखपृष्ठावरच राहिलं. त्याखाली मी "जून 2029" तारखेच्याच टाइपात टाकायला सांगितलं. डिझायनरने स्क्रीनकडे बघत विचारलं, "मग पाणी जरा फिकं करू का?"