भाताच्या खाचरात पीएच बदलतो कसा? बरणी, पीएच पेपर आणि मोबाईल घेऊन तपासूया माती

नारपोली म्हटलं की डोळ्यासमोर यंत्रमाग आणि गोदामं येतात, शेत नाही. पण भिवंडीच्या थोडं बाहेर पडलं की भाताची खाचरं सुरू होतात. पावसाळ्यात भात आणि भात निघाला की उरलेल्या ओलीवर वाल किंवा हरभरा, असा इथला क्रम. तुमच्यापैकी जे कृषी पदविका करताहेत त्यांना एक गोष्ट पुस्तकात सहज सापडत नाही. त्याच खाचरात, त्याच मातीत भाताला स्फुरद पुरतं आणि दोन महिन्यांनी वालाला ते कमी पडतं. माती तीच, मग हे होतं कसं? आज आपण हेच पाहणार आहोत, आणि तेही घरी करता येतील अशा टेस्ट करून.

नमुना कुठून घ्यायचा?

टेस्ट कितीही नीट केली तरी नमुना चुकला की सगळं वाया. भात कापल्यावर, जमीन वाफशावर आली की खाचरात नागमोडी चालत ८ ते १० जागा निवडा. वरचा पालापाचोळा बाजूला करून इंग्रजी व्ही आकाराचा १५ सेंमी खोल खड्डा घ्या आणि त्याच्या एका बाजूची वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची माती काढा. सगळी माती प्लास्टिकच्या घमेल्यात मिसळा, ढीग करून चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन भाग टाकून द्या. अर्धा किलो उरेपर्यंत हे करत राहा. मग माती सावलीत वाळवा. प्रत्येक जागेचा मोबाईलवर लोकेशनसह फोटो काढला तर पुढच्या वर्षी त्याच जागी परत जाता येतं.

आपल्या भागात दोन जागा हमखास फसवतात. पहिली राबाची. रोपवाटिकेसाठी शेण, पालापाचोळा, फांद्या जिथे भाजल्या तिथे राख असते. राख अल्कधर्मी असल्यामुळे तिथला पीएच आणि पालाश दोन्ही वाढलेले दिसतात. ते आकडे त्या तुकड्यापुरते खरे, पूर्ण शेताचे नाहीत. दुसरी जागा म्हणजे भराव. गोदाम किंवा रस्त्याच्या कडेच्या शेतात पाडकामाचा राडारोडा मिसळलेला असू शकतो. ओळखायचं कसं? मातीच्या चिमटीवर स्वयंपाकातलं व्हिनेगर टाका. बुडबुडे फसफसले तर त्यात चुना किंवा सिमेंटचा अंश आहे. ती जागा सोडून द्या.

हातात माती, मग बरणीत माती

पोत म्हणजे मातीत रेती, गाळ आणि चिकण यांचं प्रमाण. सगळ्यात स्वस्त टेस्ट तळहातावर होते. लिंबाएवढी माती घ्या, थेंब थेंब पाणी टाकत मळा आणि अंगठा व तर्जनीमध्ये दाबत तिची पट्टी पुढे सरकवा. गोळाच होत नसेल तर माती रेताड. पट्टी २.५ सेंमीच्या आत तुटली तर पोयटा, २.५ ते ५ सेंमी गेली तर चिकण पोयटा, त्याहून लांब गेली तर चिकणमाती. मात्र घाई करू नका. कोकणातल्या मातीत लोह भरपूर असतं आणि ते चिकणाचे बारीक कण एकमेकांना घट्ट धरून ठेवतं. सुरुवातीला माती रवाळ वाटते, तीन-चार मिनिटं मळली की खरी चिकट बाजू दिसते.

आता आकडा हवा असेल तर सरळ उभ्या बाजूंची काचेची बरणी घ्या. एक तृतीयांश माती, वर जवळजवळ काठापर्यंत पाणी आणि एक चमचा कपडे धुण्याची पावडर टाका. पावडरीमुळे कण एकमेकांपासून सुटतात. झाकण लावून ५ मिनिटं जोरात हलवा, सपाट जागी ठेवा आणि लगेच स्टॉपवॉच सुरू करा. एका मिनिटात खाली बसते ती रेती. दोन तासांत तिच्यावर बसतो तो गाळ. चिकण बसायला २४ ते ४८ तास लागतात. प्रत्येक वेळी बरणीवर मार्करने रेघ मारा आणि बाजूला पट्टी धरून फोटो काढा. फोन त्या रेघेच्या अगदी समोर धरायचा, वरून काढलेल्या फोटोत माप चुकतं.

समजा एकूण थर ९० मिमी झाला. त्यात रेती २७, गाळ ३० आणि चिकण ३३ मिमी. म्हणजे रेती ३० टक्के, गाळ ३३ टक्के, चिकण ३७ टक्के. पोताच्या त्रिकोणी तक्त्यात हा बिंदू चिकण पोयट्यात पडतो. पण एक लक्षात ठेवा, बरणी जाडी मोजते आणि प्रयोगशाळा वजन मोजते. ओली चिकण फुगलेली असते, त्यामुळे बरणीत तिचा आकडा थोडा जास्तच येतो. हाताची पट्टी आणि बरणी दोन्ही एकच सांगत असतील तर विश्वास ठेवायला हरकत नाही.

पीएच : इथे मोबाईलच फसवतो

पीएच ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल. ही शिडी सरळ नाही बरं का. ६ वरून ५ वर आलं तर आम्लता दहापट होते.

२० ग्रॅम वाळलेली, चाळलेली माती आणि ५० मिली डिस्टिल्ड वॉटर घ्या. इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकतात तेच, मेडिकल किंवा बॅटरीच्या दुकानात मिळतं. नळाचं पाणी नको, त्याचा स्वतःचा पीएच असतो. अर्धा तास अधूनमधून ढवळा, माती खाली बसू द्या आणि वरच्या पाण्यात पीएच पेपर बुडवा. १ ते १४ वाला पेपर इथे फारसा उपयोगाचा नाही. साधारण ४.५ ते ७.५ असा कमी पल्ल्याचा पेपर मागा, त्यावर अर्ध्या अंकाचा फरक दिसतो. आणि धुण्याच्या पावडरची बरणी या कामाला अजिबात वापरू नका, पावडर स्वतःच अल्कधर्मी असते.

काहीजण पेपरचा फोटो काढून रंग जुळवतात. इथे अडचण अशी की कॅमेरा प्रकाश पाहून रंग आपोआप बदलतो. ट्यूबलाइटखाली एक रंग, उन्हात दुसरा. फोटो काढायचाच असेल तर पेपर आणि डबीवरची रंगपट्टी एकाच फ्रेममध्ये ठेवा आणि बाहेर सावलीत काढा. हळदीची टेस्ट यूट्यूबवर भरपूर दिसते, पण हळद लाल होते ती पीएच ८ च्या आसपास. माती ५ आहे की ६.५ हे हळदीला कळतच नाही.

आता खरी गंमत: माती पाण्यात बुडवा

समजा तुमच्या वाळलेल्या नमुन्याचा पीएच ५.५ आला. आता त्याच मातीने अर्धी बाटली भरा, चिमूटभर भाताचा पेंढा बारीक करून मिसळा, वर दोन बोटं पाणी ठेवा. झाकण सैल लावा, आत वायू तयार होतो. बाटली कपाटात अंधारात ठेवा. उजेडात ठेवली तर शेवाळ येतं आणि दिवसा शेवाळामुळे वरच्या पाण्याचा पीएच उगाच वाढलेला दिसतो. दर आठवड्याला आतला चिखल चमच्याने काढा आणि लगेच पेपर लावा.

साधारण तीन आठवड्यांत पीएच ६.५ च्या आसपास चढलेला दिसेल. चुना टाकला नाही, काही नाही. झालं असं की पाण्याखालच्या मातीतला ऑक्सिजन एक-दोन दिवसांतच संपतो. मग जिवाणू ऑक्सिजनऐवजी मातीतल्या तांबूस लोहाचा वापर करायला लागतात. या क्रियेत आम्लाचे कण खर्च होतात, म्हणून पीएच वर जातो. बाटलीत हे डोळ्यांनीही दिसतं. अगदी वरचा काही मिलिमीटरचा थर तपकिरी राहतो आणि त्याखालचा करडा-निळसर होतो.

स्फुरदाचं कोडं इथेच सुटतं. आम्ल मातीत लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला घट्ट पकडून ठेवतात, ते मातीत असतं पण मुळांना मिळत नाही. पाणी भरल्यावर लोह विरघळतं आणि त्याने धरलेलं स्फुरद मोकळं होतं. भाताला ते आयतं मिळतं. भात निघाला, खाचर वाळलं, की हवा आत शिरते. लोह पुन्हा तांबूस होतं, आणि हे ताजं लोह इतकं बारीक असतं की ते आधीपेक्षाही जोरात स्फुरद पकडतं. नेमक्या याच वेळी तुम्ही वाल पेरता. वालाच्या मुळांवरच्या गाठींना स्फुरद लागतं आणि हाताशी ते नसतं. रोप खुजं राहतं, पानं गडद हिरवी दिसतात. अशी पानं पाहून ‘हिरवं आहे, म्हणजे चांगलं आहे’ असं समजू नका.

माती परीक्षणाचा रिपोर्टही याच नजरेने वाचायला हवा. प्रयोगशाळेत नमुना वाळवून तपासतात, म्हणून त्यातला पीएच आणि स्फुरद रब्बीच्या वालाला जास्त लागू पडतात, पाण्यातल्या भाताला तेवढे नाहीत. जस्ताचं मात्र उलटं असतं. पाणी भरल्यावर ते भाताला मिळणं कमी होतं. लावणीनंतर दोन ते चार आठवड्यांत खालच्या पानांवर गंजासारखे ठिपके आले तर तो खैरा, म्हणजे जस्ताची कमतरता. तिथे स्फुरदाची गोणी टाकून उपयोग नाही.

चुना किती? ते पोत सांगतो

पीएच ५.५ पाहून सगळे विचारतात, चुना किती टाकू? एकटा पीएच याचं उत्तर देत नाही. पानाचा चुना एक चमचा, उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात हलवा आणि बाटली बंद करून रात्रभर ठेवा. वरची नितळ निवळी सुईशिवायच्या सिरिंजने घ्या. चुना डोळ्यांत गेला तर इजा होते, म्हणून चष्मा हवाच. दोन भांड्यांत २०-२० ग्रॅम माती ५० मिली पाण्यात कालवा, एकात खाचराची चिकण पोयटा, दुसऱ्यात तेवढ्याच पीएचची रेताड माती. आता निवळी एकेक मिली टाका, ढवळा, अर्धा तास थांबा आणि पेपर लावा. रेताड माती चार मिलीत ६.५ वर पोचली, तर चिकण पोयट्याला पंधरा मिलीही लागू शकतात. चिकणाच्या कणांवर आम्लाचा मोठा साठा चिकटलेला असतो, पेपर फक्त पाण्यात उतरलेलं आम्ल पाहतो. या टेस्टवरून हेक्टरी किलो काढायला जाऊ नका, ते काम प्रयोगशाळेच्या चुन्याच्या गरजेच्या चाचणीचं आहे.

आणि फक्त भातासाठी चुना टाकायचा असेल तर आधी ती कपाटातली बाटली पाहा. पाण्याखाली माती आपली आपण ६.५ ला जात असेल तर भाताला चुन्याची घाई नाही. वालासाठी स्फुरदाचं खत पूर्ण शेतात फेकण्याऐवजी बियाण्याच्या ओळीत, बी पासून थोडं बाजूला आणि खाली द्या. खत जितक्या कमी मातीला लागेल, तितकं कमी स्फुरद लोह पकडेल.