टोकियोचे वार्तापत्र : चौकशीच्या मेजापलीकडे

एदोगावा, टोकियो

कुंडलचा मनुष्य परदेशी गेला तरी कचेरीच्या पायरीवर पाऊल ठेवताना त्याच्या छातीत जी बारीक धडधड होते ती देश बदलल्याने बदलत नाही, असा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. आणि म्हणून या देशातील गगनचुंबी इमारती आणि अतिवेगवान आगगाड्या यांविषयी इतरांनी पुष्कळ लिहिले असले तरी मी या वेळी आमच्या भागातील नागरी कचेरीच्या दारात उभ्या असणाऱ्या एका बाईंविषयी लिहिणार आहे.

टोकियोच्या पूर्व टोकाला, एदोगावा नदीच्या अलीकडे असलेल्या या प्रभागात हिंदी लोकांची वस्ती मोठी आहे. 2019 साली येथील प्रभागसभेवर योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडून आले, हे वाचकांनी वृत्तपत्रांतून वाचले असेलच. दर वसंतात आणि दर शरदात आपल्याकडची तरुण मुले येथे नोकरीस येतात, घरे बदलतात, आणि मग त्यांतला एखादा माझ्यासारख्या जुन्या रहिवाशाला म्हणतो, "काका, जरा बरोबर येता का? मला त्यांचे काही समजत नाही." मागच्या महिन्यात मी असाच एका मुलाबरोबर गेलो होतो. योकोहामातील खोली सोडून तो आमच्या प्रभागात राहावयास आला होता, आणि नव्या पत्त्याची नोंद 14 दिवसांच्या आत करावी असा येथील कायदा असल्यामुळे त्या दिवशी, म्हणजे आठव्या दिवशी, तो काहीसा घाबराघुबरा झाला होता.

दारातून आत शिरताच समोर मेज आहे, त्यावर चौकशीची पाटी आहे. परंतु त्या मेजामागे कोणी बसलेले नव्हते. दंडाला पट्टी बांधलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या एक बाई मेजाच्या अलीकडे, म्हणजे आपल्या बाजूला, उभ्या होत्या आणि येणाऱ्यांच्या तोंडाकडे पाहत होत्या. मुलाने भिंतीवरच्या पाट्यांकडे एकदा पाहिले, हातातल्या कागदाकडे पाहिले, पुन्हा पाट्यांकडे पाहिले, एवढ्यानेच त्यांनी ओळखले आणि दोन पावले पुढे येऊन, किंचित वाकून, "काही अडचण आहे का?" एवढेच विचारले. आपल्याकडे चौकशीच्या खिडकीशी मनुष्याला प्रथम आपला प्रश्न नीट मांडावा लागतो, आणि प्रश्न नीट मांडता येत नाही हीच तर त्याची खरी अडचण असते.

मुलगा म्हणाला, घर बदलले आहे. आता हे एकच वाक्य या देशाच्या दप्तरात तीन निरनिराळ्या बाबी होऊन बसते. एका नगरातून दुसऱ्या नगरात आलात तर 'तेन्न्यू', त्याच नगरात एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत गेलात तर 'तेनक्यो', आणि नगर सोडून निघालात तर 'तेनशुत्सु'; या तिहींसाठी आणावयाचे कागद एकसारखे नाहीत, आणि चुकीचा चौकोन भरून रांगेत तास काढलेला मनुष्य शेवटी खिडकीशी पोहोचून परत फिरतो. त्या बाईंनी या तीन शब्दांपैकी एकही उच्चारला नाही. त्यांनी विचारले, "आधी कुठे राहत होता? इथे कोणत्या तारखेपासून राहता? तिथल्या कचेरीत 'मी जातो' असे सांगून आलात का?" पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मुलाने दिली. तिसऱ्याला त्याने माझ्याकडे पाहिले.

तेथेच सगळे समजले. योकोहामाच्या कचेरीत तो निर्गमनाची नोंद करून आलाच नव्हता. आणि त्या नोंदीचा दाखला हाती असल्याशिवाय नव्या ठिकाणची नोंद होत नाही. ज्यांच्यापाशी शासनाचे ओळखपत्र असते त्यांना 2023 च्या फेब्रुवारीपासून निर्गमनाची ही वर्दी घरबसल्या संगणकावरून देता येते. याच्याजवळ ते ओळखपत्र नव्हते. दाखला टपालाने मागवता येतो, पण त्यात जाणाऱ्या-येणाऱ्या टपालाचे दिवस मोडतात, आणि मुदतीचे सहाच दिवस उरले होते. बाईंनी मेजावरचे दिनदर्शिकेचे पान त्याच्यापुढे धरले, शेवटच्या तारखेवर बोट ठेवले, आणि उद्याच सकाळी योकोहामास स्वतः जावे हे बरे, असे सांगितले. मुदत टळली तर 50,000 येनपर्यंत दंड होऊ शकतो हे त्या बोलल्या नाहीत. ते मी बाहेर आल्यावर सांगितले, आणि सांगितले नसते तर बरे झाले असते असे त्याचा चेहरा पाहून मला वाटले.

यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की त्यांनी त्याला क्रमांकाची चिठ्ठी दिली नव्हती. चिठ्ठीचे यंत्र अगदी हाताशी होते, आणि आलेल्या प्रत्येकाच्या हाती चिठ्ठी देऊन त्याला बाकावर बसविणे हे दारातील माणसाला सर्वांत सोपे. परंतु कागद आधी, चिठ्ठी नंतर, हा त्यांचा शिरस्ता आहे. रांग म्हणजे कागद तपासण्याची जागा नव्हे, तपासलेले कागद घेऊन थांबण्याची जागा, अशी ही समजूत आहे. ती जेथे पाळली जात नाही तेथे खिडकीशी पोहोचलेली माणसे रिकाम्या हाताने परततात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच रांगेची लांबी वाढवितात.

हे लिहिताना मला आमच्या आजोबांच्या मृत्यूनंतरचे दिवस आठवले. वारसांच्या नोंदीसाठी आमचे तात्या तालुक्याच्या गावी किती हेलपाटे घालीत होते याची मोजदाद आईने भिंतीवर कोळशाने केली होती. एका खिडकीवर सांगत, बारनिशीत द्या. बारनिशीतला कारकून म्हणे, आधी प्रतिज्ञापत्र. प्रतिज्ञापत्र झाले की म्हणत, मृत्यूच्या दाखल्याची नक्कल खरी करून आणा. चौकशीची खिडकी तेथेही होती, परंतु खरी चौकशी होई ती आवारातील लिंबाखाली, लाकडी मेज मांडून बसलेल्या अर्जनवीसाकडे. तो अर्ज लिहून देण्याचे पैसे घेई हे खरे, पण अर्ज कोणत्या खिडकीत आणि कोणत्या कागदांसह द्यावा हे त्याच्या एका वाक्यात मिळे, आणि माझ्या मते तात्या पैसे त्या वाक्याचेच मोजीत. जपानातही असे परवानाधारक लेखक आहेत. त्यांना परीक्षा द्यावी लागते. मात्र ते एक वाक्य येथे सरकारने स्वतःच्या दारात पगारी माणूस उभा करून फुकट ठेवले आहे.

याचा अर्थ हा देश मुळापासून असाच आहे असे कोणी समजू नये. आपण ज्याला टोलवाटोलवी म्हणतो त्याला जपानी भाषेत 'ताराई-मावाशी' असा शब्द आहे : उताणा पडलेला डोंबारी पायांवर लाकडी घंगाळ गरगरा फिरवून दुसऱ्याच्या पायांवर टाकतो, तो खेळ. घंगाळाच्या जागी नागरिक आहे, एवढाच फरक. ज्या भाषेला असा शब्द घडवावा लागला त्या भाषेच्या लोकांनी घंगाळ होण्याचा अनुभव यथेच्छ घेतला असला पाहिजे. नदीच्या पलीकडच्या मात्सुदो नगरात 1969 साली तेथील महापौर मात्सुमोतो कियोशी यांनी 'लगेच करू' अशा सरळ नावाचे एक खाते काढले. तुंबलेले गटार असो की घराच्या वळचणीचे गांधीलमाश्यांचे पोळे असो, हे कोणत्या खात्याचे काम असा प्रश्न न विचारता त्यांची माणसे निघत. त्या खात्याचा बोलबाला देशभर झाला, आणि ते आजही आहे.

तिसऱ्या दिवशी मुलगा योकोहामाचा दाखला घेऊन आला. आता बाईंनी अर्जाचा कागद दिला आणि लिहिण्याच्या उंच मेजाकडे नेले. त्या मेजावर भरलेल्या अर्जाचा नमुना काचेखाली लावलेला असतो, आणि शेजारी चष्म्यांच्या तीन जोड्या ठेवलेल्या असतात : सौम्य, मध्यम आणि तीव्र. मी मध्यम चष्मा चढवून नमुना वाचला, तेव्हा आपल्याला चष्मा लागला आहे हे मला प्रथम कळले. पेन शाईचेच हवे. खोडता येणारी शाई चालत नाही. चूक झाली तर दोन रेघा मारून शुद्ध लिहावयाचे, गिरवावयाचे नाही.

मुलाची गाडी नावाच्या रकान्यात अडली. या अर्जात नावाला जागा दोन, आडनाव आणि नाव. आमच्यात वडिलांचे नाव मध्ये येते. पारपत्रावर जसे आहे तसेच आणि त्याच क्रमाने लिहा, असे बाई म्हणाल्या. मग त्यांनी एक गोष्ट अशी सांगितली जी नमुन्यात नव्हती : वर जपानी लिपीत उच्चार लिहिताना आज जसा लिहाल तसाच पुढे पेढीत, कंपनीत आणि दवाखान्यात लिहा, कारण आपल्या 'पाटील'चे या लिपीत दोन-तीन तऱ्हेने लेखन होऊ शकते आणि एके ठिकाणी एक व दुसरीकडे दुसरे झाले की पगार खात्यात जमा व्हावयाचा राहतो. त्यांनी अक्षर मात्र एकही लिहिले नाही. मुलाने पेन पुढे केले तेव्हा त्यांनी हसून दोन्ही हात मागे घेतले. अर्जदाराचे म्हणणे अर्जदारानेच लिहावे, दारातील माणसाने ते ठरवू नये, ही त्यांच्या मदतीची सीमा आहे; आणि कागद कमी असेल तर कितीही वाकून नमस्कार केला तरी त्या नियमातून तसूभरही सूट देत नाहीत, हीही.

शेवटी एक प्रश्न त्यांनी विचारला, कंपनीमार्फत आरोग्यविमा आहे का? आहे म्हटल्यावर विम्याच्या खिडकीची दुसरी चिठ्ठी वाचली. पाऊण तासात त्याच्या निवासपत्राच्या पाठीवर नवा पत्ता चढला.

रात्री आईचा कुंडलहून फोन आला तेव्हा मी हे सगळे तिला सांगितले. तिने पहिलाच प्रश्न विचारला तो हा, "आन् ज्याला लिवता येत न्हाई त्यानं काय करायचं?"

मी म्हटले, त्याचीही तजवीज आता होऊ लागली आहे. उत्तरेकडील होक्काइदो बेटावर कितामी म्हणून नगर आहे. तेथे 'न लिहिण्याची खिडकी' निघाली आणि इतर नगरांनी ती उचलली. माणूस बसतो, कारकून विचारतो, माणूस तोंडी सांगतो, कारकून यंत्रात टिपून घेतो, छापून वाचावयास देतो, आणि माणूस फक्त सही करतो.

ती क्षणभर थांबली. "म्हंजी वर्दीच की!" ती म्हणाली. "आपल्यातबी तोंडी वर्दी चालती. तुजा आजा गेला तवा तात्यांनी चावडीत जाऊन तलाठ्याला तोंडानंच सांगितलं हुतं. त्यानं लिवून घेतलं, वाचून दावलं, ह्यांनी सही केली. त्येला इळ किती लागला? च्या पिऊस्तवर. हेलपाटं म्होरं सुरू झालं, तालुक्याला."