रक्तदानाच्या अर्जातील तीन प्रश्न : प्रवास, टॅटू आणि औषधे

महाविद्यालयातील रक्तदान शिबिरात सुई टोचण्याआधी प्रत्येक इच्छुकाला एक प्रश्नावली भरावी लागते. वय, वजन आणि हिमोग्लोबिन यांचे निकष बहुतेकांना ठाऊक असतात : वय किमान १८, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५ ग्रॅम. यांतले वजन आणि हिमोग्लोबिन वजनकाटा आणि बोटातून घेतलेला रक्ताचा थेंब सांगून टाकतात. प्रवास, टॅटू आणि औषधे यांबद्दल मात्र दात्यालाच विचारावे लागते, आणि गैरसमजही याच तीन प्रश्नांभोवती सर्वाधिक आहेत. भारतात हे निकष राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत दिलेले आहेत. प्रश्नावली दात्याला समजेल अशा स्थानिक भाषेत असावी, असेही त्या सूचना सांगतात. म्हणून शिबिराचे आयोजक विद्यार्थी अनेकदा स्वतःच मराठी अर्ज तयार करायला बसतात.

सर्वांत मुळाशी असलेला गैरसमज असा : "रक्त नाहीतरी तपासतातच, मग एवढ्या चौकशा कशाला?" प्रत्येक पिशवीची तपासणी होते हे खरे आहे. कायद्याने एचआयव्ही, कावीळ ब, कावीळ क, सिफिलिस आणि मलेरिया या पाच आजारांच्या चाचण्या सक्तीच्या आहेत. पण संसर्ग झाल्याबरोबर चाचणीत तो दिसत नाही. कावीळ क च्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे रक्तात सापडण्याइतकी तयार व्हायला साधारण दोन ते अडीच महिने लागतात. त्या काळात प्रतिपिंडांची चाचणी 'निगेटिव्ह' येते, पण विषाणू पिशवीतून रुग्णापर्यंत पोहोचू शकतो. विषाणूचा जनुकीय अंश थेट शोधणारी 'नॅट' चाचणी हा काळ बराच कमी करते. मात्र ती देशभर सक्तीची नाही, आणि तिच्यानेही हा काळ शून्यावर येत नाही. जिथे चाचणीची नजर पोहोचत नाही, तिथलीच माहिती प्रश्नावली विचारते, आणि तिन्ही प्रश्नांचा अर्थ या एका गोष्टीवरून लागतो.

टॅटूच्या प्रश्नात हे सर्वांत स्पष्ट दिसते. "एकदा टॅटू काढला की आयुष्यभर रक्तदान बंद" हा समज चुकीचा आहे. भारतातील नियमानुसार टॅटू काढल्यापासून १२ महिने थांबावे लागते. त्यानंतर अंगावर कितीही टॅटू असले तरी ते आड येत नाहीत. आजीच्या हातावरचे जुने गोंदण पाहून रक्तदान निषिद्ध ठरवणे म्हणूनच निराधार आहे. कान किंवा नाक टोचणे, ॲक्युपंक्चर आणि त्वचेला छेद देणारे सौंदर्योपचार यांनाही हाच १२ महिन्यांचा नियम लागू होतो. मेंदी किंवा चिकटवायचा तात्पुरता टॅटू त्वचेत शिरत नाही, त्यामुळे त्यांचा येथे संबंध नाही.

दुसरा समज जास्त घातक आहे : "माझ्यासमोर नवी सुई फोडली, म्हणजे धोका नाही." सुई नवी असली तरी शाईची वाटी, यंत्राची मूठ किंवा कारागिराचे हातमोजे आधीच्या ग्राहकाच्या रक्ताने दूषित झालेले असू शकतात. कावीळ ब चा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही, किमान सात दिवस संसर्गक्षम राहतो. डोळ्यांना काहीही दिसत नसताना तो तिथे असू शकतो. दुकान स्वच्छ होते की नाही, हे शिबिरातील डॉक्टरांना पडताळता येत नाही, म्हणून नियम सर्वांना सरसकट लागू आहे.

या प्रश्नातील एक भाग बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. दात्याने स्वतः टॅटू काढलेला नसेल, पण पती, पत्नी किंवा जोडीदाराने गेल्या १२ महिन्यांत काढला असेल, तरीही थांबणे अपेक्षित आहे. कावीळ ब चा संसर्ग लैंगिक संबंधातूनही होतो, हे त्याचे कारण. मराठी अर्जात 'तुम्ही गोंदवून घेतले आहे का?' एवढेच विचारले, तर हा भाग गळतो आणि कालमर्यादाही कळत नाही. वीस वर्षांच्या मुलाला 'गोंदण' म्हणजे स्वतःच्या मनगटावरचा टॅटू हे सुचेलच असेही नाही. 'गेल्या १२ महिन्यांत तुम्ही किंवा तुमच्या जोडीदाराने टॅटू काढला आहे का, नाक, कान किंवा शरीराचा अन्य भाग टोचून घेतला आहे का?' असा प्रश्न विचारला की उत्तर नेमके मिळते.

याच मुद्द्यावर परदेशी अर्जावरून केलेली मराठी प्रत गोंधळ घालते. अमेरिकेत २०२० मध्ये टॅटूनंतरचा काळ १२ महिन्यांवरून तीन महिन्यांवर आणला गेला. शिवाय ज्या राज्यांत टॅटूची दुकाने सरकारी नियमांखाली आहेत, तिथे परवानाधारक दुकानात निर्जंतुक सुई आणि नवी शाई वापरली असेल, तर तेवढेही थांबावे लागत नाही. ब्रिटनमध्ये हा काळ चार महिन्यांचा आहे. ही सवलत त्या देशांतील चाचण्यांच्या आणि परवान्यांच्या व्यवस्थेवर उभी आहे. इंटरनेटवर 'तीन महिने' वाचून आलेल्या विद्यार्थ्याला भारतातील शिबिरात परत पाठवले जाते, तेव्हा त्यात रक्तपेढीचा आडमुठेपणा नसतो.

प्रवासाच्या प्रश्नाबाबत "तो फक्त परदेशी जाऊन आलेल्यांसाठी आहे" असा समज आहे. नियमाचा गाभा वेगळाच आहे : रक्तातून पसरणारा एखादा आजार जिथे आहे आणि ज्याची चाचणी भारतात सक्तीची नाही, अशा प्रदेशातून आलेल्या व्यक्तीने रक्त देऊ नये. तो प्रदेश सातासमुद्रापार असेल किंवा शेजारच्या तालुक्यात. महाराष्ट्रातील झिकाचा पहिला रुग्ण २०२१ मध्ये पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात, बेलसर या गावी सापडला. २०२४ मध्ये तर पुणे शहरातच झिकाचे रुग्ण आढळले. झिकाची साथ असलेल्या भागातून आलेल्याने चार महिने रक्तदान करायचे नसते. झिका झालेल्या बऱ्याच जणांना काहीच लक्षणे जाणवत नाहीत आणि गर्भवतीला संसर्ग झाल्यास बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते. त्यामुळे 'मला तर काहीच झाले नव्हते' हे उत्तर येथे पुरेसे ठरत नाही.

मलेरियाचे उदाहरण याच्या उलट दिशेचे आहे. गडचिरोली जिल्ह्यात मलेरिया कायम असतो. तिथून नागपूरला शिकायला आलेल्या विद्यार्थिनीला 'मलेरियाच्या भागातले रक्त चालत नाही' असे सांगून परत पाठवले, तर ती चूक ठरते. पाश्चात्त्य देशांच्या अर्जांत मलेरियाग्रस्त देशांतील वास्तव्यावर निर्बंध असतात. भारतात प्रत्येक पिशवीची मलेरियासाठी तपासणी होते, म्हणून केवळ त्या जिल्ह्यात राहण्याने कोणी अपात्र ठरत नाही. प्रत्यक्ष मलेरिया होऊन गेला असेल, तर पूर्ण बरे झाल्यापासून तीन महिने थांबायचे असते. डेंग्यू किंवा चिकुनगुन्या होऊन गेला असेल, तर सहा महिने. मराठी प्रश्नावलीत म्हणूनच 'कुठे गेला होतात?' याच्या जोडीला 'तिथे असताना किंवा परतल्यावर ताप आला होता का?' हेही विचारायला हवे.

औषधांच्या प्रश्नावर सर्वांत जास्त खोटी उत्तरे येतात, आणि ती देणाऱ्याला आपण खोटे बोलत आहोत हे कळतही नाही. 'काही औषधोपचार चालू आहेत का?' या प्रश्नाला तरुण मुले सहज 'नाही' म्हणतात. मुरुमांची गोळी, केस गळू नयेत म्हणून घेतलेली गोळी, काल डोके दुखले म्हणून घेतलेली वेदनाशामक गोळी किंवा कुत्रा चावल्यावर घेतलेली इंजेक्शने यांना ती औषधोपचार समजत नाहीत.

मुरुमांची गोळी हे यांतले महत्त्वाचे उदाहरण. तीव्र मुरुमांवर दिले जाणारे आयसोट्रेटिनॉइन हे औषध गर्भात गंभीर व्यंग निर्माण करते. रक्ताची पिशवी कोणाला जाईल हे दात्याला माहीत नसते, ती बाळंतपणात रक्तस्राव होणाऱ्या किंवा गर्भवती स्त्रीला जाऊ शकते. म्हणून शेवटच्या गोळीनंतर एक महिना रक्त घेतले जात नाही. केस गळण्यावर घेतल्या जाणाऱ्या फिनास्टेराइडलाही एक महिन्याचीच मुदत आहे. कोणतीही सक्तीची चाचणी ही औषधे शोधत नाही, त्यामुळे दात्याने सांगितले नाही तर ती कुणालाच कळणार नाहीत.

प्रतिजैविकांबद्दल उलटा समज आढळतो : "अँटिबायोटिक घेतले, म्हणजे रक्त शुद्धच झाले." येथे रक्तपेढीला चिंता औषधाची नसून ज्या संसर्गासाठी ते घेतले त्याची असते. रक्तात थोडे जिवाणू उरले असतील, तर ते साठवलेल्या पिशवीत वाढतात. म्हणून शेवटच्या गोळीनंतर दोन आठवडे जावे लागतात आणि दाता तोवर ठणठणीत असावा लागतो. ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी बिंबिकांची, म्हणजे प्लेटलेटची, एकत्र येऊन रक्त थांबवण्याची क्षमता कमी होते. त्यामुळे त्या पिशवीतून प्लेटलेट वेगळ्या करायच्या असतील, तर तीन दिवसांचे अंतर लागते. पॅरासिटामॉल, जीवनसत्त्वाच्या किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालतात. वैद्याने दिलेल्या, नाव माहीत नसलेल्या पुडीबाबत नियम सरळ आहे : तिच्यात काय आहे हे कळेपर्यंत थांबायचे. कुत्रा चावल्यानंतर रेबीजची लस घेतली असेल, तर एक वर्ष.

या मुदती एकत्र कशा लावायच्या, हे एका कल्पित उदाहरणाने पाहता येते. शिबिर १२ डिसेंबरला आहे. ५८ किलो वजनाचा, १४.२ हिमोग्लोबिन असलेला एक विद्यार्थी येतो. मे महिन्यात तो गोव्याला गेला होता, परतल्यावर ताप आला नाही. प्रवास आड येत नाही. पण तिथे १८ मे रोजी त्याने मनगटावर टॅटू काढला. मुरुमांची गोळी २५ नोव्हेंबरला बंद झाली. घसा बसल्यामुळे घेतलेल्या अँटिबायोटिकची शेवटची गोळी २ डिसेंबरची. अँटिबायोटिकची मुदत १६ डिसेंबरला संपते, मुरुमांच्या गोळीची २५ डिसेंबरला आणि टॅटूची पुढच्या वर्षी १८ मे रोजी. या मुदतींची बेरीज करायची नसते. त्या एकाच वेळी चालू असतात आणि सर्वांत उशिरा संपणारी पाळायची असते. या विद्यार्थ्याला 'तू अपात्र आहेस' असे मोघम सांगितले, तर तो पुन्हा कधीच येणार नाही. '१८ मेनंतर ये' असे लिहून दिलेले कार्ड हातात पडले, तर त्याला नेमके उत्तर मिळते.

शेवटचा गैरसमज प्रश्नावली भरण्याच्या पद्धतीशी निगडित आहे. शिबिरात मित्रांच्या घोळक्यात, एकमेकांच्या अर्जात डोकावत खुणा करण्याची पद्धत सर्रास दिसते. नियमानुसार दात्याची मुलाखत एकेकट्याने आणि गोपनीयरीत्या व्हायला हवी. जोडीदाराविषयीचे किंवा एखाद्या आजाराचे उत्तर मुलगी वर्गमैत्रिणीसमोर खरे देईल, ही अपेक्षाच चुकीची आहे. आयोजकांनी मराठी प्रश्नावलीचा मजकूर छापण्याआधी ज्या रक्तपेढीचे पथक येणार आहे तिच्या डॉक्टरांकडून तपासून घ्यावा, आणि मुलाखतीसाठी पडदा लावलेला एक कोपरा राखून ठेवावा. दात्याने चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटे सोबत आणावीत. घरी गेल्यावर एखादी गोष्ट आठवली, तर त्याच दिवशी रक्तपेढीला फोन करावा. पिशवी रुग्णाला दिली गेली नसेल, तर ती बाजूला काढता येते.