कोअर नापास, स्लॅब पास?

सोसायटीच्या सचिवांच्या हाती पत्र होतं. एम २५ च्या स्लॅबमधून काढलेल्या तीन कोअरची सरासरी १९.५ आली. आयएस ४५६ नुसार ती किमान २१.२५, म्हणजे २५ च्या ८५ टक्के हवी. "मग मजबुतीकरण करायचंच ना?" त्यांचा पहिला प्रश्न.

पत्र लिहिणाऱ्या इंजिनिअरने घाई केली नव्हती. स्लॅब वाकताना खालचा ताण सळ्या घेतात. काँक्रीटवर दाब येतो तो वरच्या पातळ थरात. १२५ मिमी जाडीच्या या स्लॅबमध्ये ८ मिमीच्या सळ्या १५० मिमीवर आहेत. काँक्रीट २५ ऐवजी १५ धरलं, तरी वाकण्याची ताकद जेमतेम ५ टक्क्यांनी घटते. मलाही आकडा पाहून आधी विश्वास बसला नव्हता.

अर्थात हे तुळयांवर टेकलेल्या स्लॅबचं. थेट खांबांवर बसलेल्या फ्लॅट स्लॅबमध्ये खांब स्लॅब भेदून वर येण्याची भीती असते आणि तिथे काँक्रीटच कामाला येतं. शिवाय कमकुवत काँक्रीट सच्छिद्र असू शकतं, सळ्या लवकर गंजतात.

पत्राची शिफारस एवढीच: सळ्या स्कॅनरने तपासा, शंका उरली तर २४ तासांची भारचाचणी घ्या. जॅकेटिंगचा खर्च सध्या नको.