पुढचा कर्ता कोण, हे आधीच सांगणारं क्रियापद

‘गणू शिरपाला भेटला आणि तो घरी निघून गेला.’ घरी गेला कोण? एकजण पुरुष आणि दुसरी बाई असती, तर ‘गेला’ की ‘गेली’ यावरून उलगडा झाला असता. दोघेही पुरुष असले की मराठी क्रियापदाची ती मदत संपते.

अर्थात मराठीत एक वाट आहे. ‘गणू शिरपाला भेटून घरी गेला’ म्हटलं की शंका उरत नाही. ‘-ऊन’ लागला की पुढच्या क्रियेचा कर्ता साधारणपणे तोच राहतो. मात्र हा नियम पक्का नाही. ‘पाऊस पडून रस्ता वाहून गेला’, ‘लग्न होऊन दहा वर्षं झाली’ ही वाक्यं आपण सहज बोलतो आणि त्यांत कर्ता बदललेला असतो. शिवाय ‘आता कर्ता बदलणार’ असं सांगणारा, ‘-ऊन’च्या उलट प्रत्यय आपल्याकडे नाही. ‘आल्यावर’ दोन्हीकडे चालतं : ‘गणू आल्यावर जेवला’ आणि ‘गणू आल्यावर शिरपा जेवला’.

जगातल्या काही भाषांत मात्र अशा प्रत्ययांची जोडीच असते. अमेरिकेत कोलोरॅडो नदीकाठी राहणाऱ्या मोहावी लोकांच्या भाषेत ‘न्यइस्वर्क ईमाक’ म्हणजे ‘तो गायला तेव्हा तोच नाचला’. ‘न्यइस्वर्म ईमाक’ म्हणजे ‘तो गायला तेव्हा दुसराच कुणी नाचला’. बाकी सगळं तेच. बदलला तो फक्त ‘क’च्या जागी आलेला ‘म’. उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या भाषांमधल्या या व्यवस्थेला विल्यम जेकबसन या भाषाशास्त्रज्ञाने 1967 मध्ये इंग्रजीत एक नाव दिलं. मराठीत आपण तिला कर्ताबदलाची खूण म्हणू.

या खुणेचा खरा कस लागतो तो पापुआ न्यू गिनीत. तिथल्या अनेक भाषांत गोष्ट सांगताना वाक्य लवकर संपवतच नाहीत. एका क्रियेला दुसरी, दुसरीला तिसरी जोडत लांबलचक साखळी करतात. मदांग प्रांतातल्या अमेले भाषेत गोष्ट आज घडली, काल घडली की त्याआधी, हे फक्त साखळीतलं शेवटचं क्रियापद सांगतं. मधल्या क्रियापदांवर काळ नसतो. त्यांवर आपला कर्ता कोण याची खूण असते आणि पुढचा कर्ता तोच की दुसरा याचीही. ‘हुमिग सब जिगा’ म्हणजे ‘मी आलो आणि मीच जेवलो’. ‘हो’ओमिन सब जागा’ म्हणजे ‘मी आलो आणि तू जेवलास’. ‘हो’ओमिन’मध्ये घशात क्षणभर श्वास अडतो, त्या उच्चारापाशीच कर्ता बदलणार हे कळतं. ‘तू जेवलास’ हे अजून कानावर पडायचं असतं.

ही साखळी कशी चालते, ते मराठी शब्दांत मांडून पाहू. दोन भाऊ आहेत. ‘थोरला रानात जा-तोच, लाकूड तोड-तोच, मोळी बांध-दुसरा, खांद्यावर घे-तोच, घरी ये-दुसरा, चूल पेटवली.’ चूल कुणी पेटवली? पहिल्या तीन क्रिया थोरल्याच्या. ‘बांध-दुसरा’पाशी सूत्रं धाकट्याकडे गेली, मोळी उचलून घरी आला तो धाकटा. ‘ये-दुसरा’ने ती पुन्हा थोरल्याकडे आली, म्हणजे चूल त्याने पेटवली. नाव एकदाच घेतलं, तरी गोंधळ नाही.

पण खूण ‘दुसरा’ एवढंच सांगते, ‘कुठला’ ते सांगत नाही. गोष्टीत तिसरा भाऊ आला की नाव घ्यावंच लागतं. कर्ता अर्धाच बदलला तर काय करायचं, हाही पेच आहे. ‘आम्ही गेलो आणि मी बसलो’ यात ‘मी’ हा ‘आम्ही’तलाच एक. याला ‘तोच’ म्हणायचं की ‘दुसरा’, याची उत्तरं भाषेगणिक वेगळी आहेत.

सगळ्यात बुचकळ्यात टाकतात ती कर्ता न बदलताही ‘दुसरा’ची खूण लागलेली वाक्यं. अमेलेचं व्याकरण लिहिणाऱ्या जॉन रॉबर्ट्स यांनी असं एक वाक्य नोंदवलं आहे : लोकांनी सुरण खांद्यावर घेतले, ते गेले आणि त्यांनी कोठार भरलं. तिन्ही क्रिया त्याच लोकांच्या. तरीही ‘खांद्यावर घेतले’ याला कर्ता बदलल्याची खूण आहे. ही बोलणाऱ्याची चूक नव्हे. इथे बदललं आहे ते ठिकाण. गोष्ट एका जागेवरून दुसऱ्या जागी गेली. काळ बदलतानाही अमेलेत असं होतं. म्हणून अमेले समजून घेताना ‘दुसरा’ची खूण ऐकली की लगेच नवा माणूस शोधू नये. माणसं तीच राहून नुसता प्रसंग पालटला आहे का, हेही पाहावं लागतं.